काळ्या ठोकळ्यांबद्दल

«ताई, सोसायटीचा मेंटेनन्स ऑनलाइन भरायचा व्हिडिओ पाहिला. समजावलंय छान, पण खाते क्रमांक झाकायला जागोजागी ते काळे ठोकळे! बाकी सगळे ब्लर करतात, डोळ्यांना बरं दिसतं. नंबर वाचता येत नाही म्हटल्यावर झालं की. एवढा बाऊ कशाला?»

दादा, ठोकळे दिसायला वाईट, हे मान्य. पण ब्लरने नंबर पुसला जात नाही, तो नुसता आजूबाजूच्या रंगात मिसळतो. आणि तोच आकडा दरवेळी तसाच मिसळतो. बँकेच्या पानावरचा फॉन्ट आणि त्याचा आकार त्याच व्हिडिओत शेजारी स्वच्छ दिसत असतो. मग कुणीही 0 ते 9 त्याच फॉन्टात लिहून तेवढंच ब्लर करावं आणि कुठला डाग जुळतो ते पाहावं. 11 आकडी खातं असेल, तर एकेका जागेला 10 म्हणून फार तर 110 वेळा ताडून पाहायचं. शेजारचे आकडे एकमेकांत मिसळले असतील तर काम वाढतं, पण संगणकाला ते जड नाही. चौकोनी ठिपक्यांच्या मोझॅकवर हीच युक्ती चालवणारं डेपिक्स नावाचं साधन 2020 पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. ब्लर खूप दाट केला तर जुळवणं अवघड होतं, पण किती दाट म्हणजे पुरे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ठोकळ्याखाली मात्र जुळवायला काहीच उरत नाही.

तरी ठोकळाही फसतो, आणि ते मी भोगलंय. ठाण्यातल्या आमच्याच सोसायटीसाठी केलेल्या जुन्या व्हिडिओत खाते क्रमांकावर पट्टी होती. मी पान वर सरकवलं, तशी आकड्यांची ओळ पट्टीखालून निसटली. पाचच फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. चालू व्हिडिओत मला ते दिसलंच नाही. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाने व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे नेली आणि स्क्रीनशॉट पाठवला. यूट्यूबवर त्याच लिंकवर दुसरी फाइल चढवता येत नाही, म्हणून व्हिडिओ काढून नव्याने टाकला. जुनी लिंक सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होती, ती बंद पडली.

तेव्हापासून पान सरकवायच्या आधी रेकॉर्डिंग थांबवते. ठोकळा नंबर उमटायच्या दहा फ्रेम आधी सुरू करते आणि नंबर गेल्यावरही दहा फ्रेम ठेवते. एक्स्पोर्ट केलेली फाइल त्या जागी फ्रेम-फ्रेम करून पाहते. एडिटरमधली नाही, कारण चूक राहते ती शेवटच्या फाइलीत.

रंगाचं तुमचं म्हणणं पटलं. पानाच्या पार्श्वभूमीचाच पांढरा किंवा करडा रंग ठोकळ्याला दिला तर तो खुपणार नाही, झाकणं तेवढंच पक्कं राहील. पुढच्या व्हिडिओत तसं करते. पासवर्डच्या चौकटीवर मात्र ठोकळा पूर्ण रुंदीचाच राहील, कारण नुसते ठिपके मोजले तरी पासवर्ड किती अक्षरांचा ते कळतं.