वाफेच्या पाण्यात कापूर टाकणाऱ्या सगळ्यांसाठी

आज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच आलं. गुलाबाचं फूल, खाली ‘लहान बाळांच्या सर्दीवर रामबाण’. उकळत्या पाण्यात दोन कापराच्या वड्या, चार थेंब निलगिरी तेल, डोक्यावर टॉवेल. उरलेला कापूर खोबरेल तेलात विरघळवून छातीला आणि नाकाखाली. त्यावर ‘धन्यवाद ताई, खूप उपयुक्त’ लिहिणारे सात जण. सातपैकी तिघांच्या घरात दोन वर्षांच्या आतलं मूल आहे. मी चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसले.

चिऊची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अर्धीच माहीत आहे. ‘तापात आकडी आली होती’ एवढंच आम्ही सांगत आलो. आज पूर्ण सांगते.

ती तेव्हा एकवीस महिन्यांची होती, वजन दहा किलो. नाक वाहत होतं, अंग किंचित कोमट. संध्याकाळी वाफ द्यायची म्हणून एका वाटीत तीन कापूरवड्या काढून ठेवल्या आणि पातेलं गॅसवर चढवलं. वाटी टीपॉयवर. पाणी उकळेपर्यंत मी मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. पाच मिनिटं, फार तर सात. परत आले तेव्हा वाटीत दोन वड्या होत्या, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ती खेळता खेळता एकदम ताठ झाली, डोळे वर गेले, हातपाय झटकायला लागली. तोंडाला फेस. आधी काही नाही. रडली नाही, पोट दुखतं म्हणून चिडचिड नाही, काहीच नाही.

रिक्षातच दवाखान्यात. अंगात कणकण होती, म्हणून तिथेही सगळ्यांना आधी तापाची आकडीच वाटली. थर्मामीटर लावला तर नव्व्याण्णव. मग ड्यूटीवरच्या डॉक्टर बाई वाकल्या, चिऊच्या तोंडाशी नाक नेलं आणि मला विचारलं, “घरात आज आरती होती का?” मला प्रश्नच कळेना. “हिच्या श्वासाला कापराचा वास येतोय.”

माझे पाय गळाले.

नाकात औषधाचा फवारा मारून पहिली आकडी थांबवली. तासाभरात दुसरी आली, तेव्हा सलाइनमधून औषध द्यावं लागलं. रात्रभर मॉनिटर. कापरावर उतारा असं औषधच नाही. आकडी आली की थांबवायची, श्वासावर लक्ष ठेवायचं आणि शरीर ते बाहेर टाकेपर्यंत थांबायचं. घरी आल्यावर सोफ्याखाली वडीचा हरभऱ्याच्या डाळीएवढा चघळलेला तुकडा सापडला. म्हणजे तिने पूर्ण वडी खाल्लीही नव्हती.

नंतर मी वेड्यासारखी त्याच पाकिटातल्या चार वड्या घेऊन सोनाराकडे गेले आणि काट्यावर टाकल्या. चौघींचे तीन ग्रॅम. एक वडी पाऊण ग्रॅम. विषबाधेचे डॉक्टर मानतात की मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कापूर पोटात गेला असेल, तर लक्षण असो-नसो, थेट हॉस्पिटल. चिऊच्या दहा किलोला हिशोब करा. ३०० मिलिग्रॅम. अर्धी वडीसुद्धा नाही! एक ग्रॅमच्या आसपास कापराने लहान मुलं दगावलेली आहेत. आणि आपण तो पेढ्यांच्या शेजारी ताटलीत ठेवतो.

‘नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय?’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. देवासमोर जळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो, पण तो झाडापासून काढलेला असता तरी आकडी आलीच असती.

निलगिरी तेलाचं आणखी वेगळं. त्याची बाटली खोकल्याच्या औषधासारखीच दिसते, आणि रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत आपण कुठली उचलतो ते देवच जाणे. पाच मिलिलीटर, म्हणजे एक चहाचा चमचा, मुलाला बेशुद्ध करायला पुरतो. ते मूल पेंगतं, झोकांड्या खातं, उलट्या करतं, आणि आपण म्हणतो, औषधाने झोप लागली वाटतं. अमेरिकेत कापराचं तेल लोक एरंडेल समजून मुलांना पाजायचे, शेवटी १९८२ साली ते बाजारातूनच काढून टाकलं. वाफेच्या पाण्यात फोडायच्या त्या रंगीत कॅप्सूलही याच मालाच्या, कापूर, मेंथॉल, निलगिरीचा अर्क. दिसायला हुबेहूब गिळायच्या गोळीसारख्या. मोठी माणसंही पाण्याबरोबर गिळून मोकळी होतात.

हो, आम्हीही छातीला कापूर-तेल चोळूनच मोठे झालो. मान्य. मोठ्या माणसाला निलगिरीच्या वाफेने बरं वाटतं, तेही मान्य. पण ते ‘वाटतं’च आहे. मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, म्हणून मोकळं झाल्याचा भास होतो, आत जाणारी हवा मोजली तर तेवढीच. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाखाली तो उग्र वास लावला तर मोकळं होणं राहिलं बाजूला, श्वासच अडकू शकतो. उकळतं पातेलं मांडीवर उलटून भाजतं ते निराळंच.

चिऊच्या त्या संध्याकाळकडे परत येते, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, मिठाचं पाणी पाजा, उलटी करवा. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घाईघाईत दूध पाजायला घेतलं. डॉक्टर बाई त्यावरून फार चिडल्या. कापराची आकडी न सांगता येते, त्या क्षणी पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात. तोंडात दिसेल तेवढं बोटाने पुसून काढा, बाकी काही पाजू नका, १०८ लावा किंवा हाताला लागेल ती गाडी पकडा, आणि पाकीट बरोबर न्या. काय खाल्लं, किती, किती वाजता, एवढं सांगता आलं की त्यांचं अर्धं काम होतं.

मी बरेच दिवस आईंनाच बोलत होते. ‘तुमचा तो कापूर.’ पाकीट देव्हाऱ्यातलं होतं, पण वाटीत वड्या मीच काढल्या होत्या. त्या एकदाही उलटून बोलल्या नाहीत.

बरं, मग सर्दीत करायचं काय? आमच्याकडे आता मेडिकलमधले मिठाच्या पाण्याचे साधे थेंब असतात, फक्त सलाइन, दुसरं काही मिसळलेलं नसलेले. झोपण्याआधी आणि दूध-जेवणाच्या दहा मिनिटं आधी, प्रत्येक नाकपुडीत दोन. थोडं थांबून शेंबूड मऊ झाला की पुसायचा. बाळ लहान असेल तर रबरी पंपाने ओढायचा. पंप बाहेरच दाबायचा, मग टोक अलगद लावून सोडायचा, नाकात घालून दाबला तर शेंबूड आत ढकलला जातो. दिवसातून तीन-चारदा पुरे, जास्त केलं की नाक आतून सुजतं. खोकल्याला रात्री अर्धा चमचा मध, पण वर्ष पूर्ण झाल्यावरच, त्याआधी बोटावरसुद्धा नाही. थोडं थोडं पाणी, सूप, दूध. सर्दी आठ-दहा दिवस राहतेच. रामबाणाने ती सहा दिवसांवर येत नाही.

मूल झोपलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर घरगुती काहीही करत बसू नका.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं नाही. फक्त म्हणाले, कापूर मुलांच्या हाताला लागू देऊ नका, चिऊला त्यानेच आकडी आली होती. दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग आईंचा मेसेज आला. त्या कधी लिहीत नाहीत, फक्त गुड मॉर्निंग. ‘आमच्याकडे आता कापूर पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर.’ खाली फोटो, डबा आणि त्यावर ठेवलेला पाटा.