पाच वर्षांची ग्रेस कुणालाच नसते

«आयुर्विम्याचा हप्ता चुकला तर घाबरू नका. नवीन नियमानुसार पॉलिसी ५ वर्षं चालू राहते. मधे काही झालं तर घरच्यांनी थकलेले हप्ते भरायचे, क्लेम पूर्ण मिळतो. ग्रेस सगळ्यांना १ महिना, शेवटचा हप्ता भरला त्या दिवसापासून. आरोग्य विमा आणि गाडीलाही हेच. सर्वांना पाठवा.»

हा मेसेज तासगावच्या मामींकडून आला आणि खाली त्यांनी लिहिलं होतं, "मग आता कारखान्याचं बिल जमा झालं की भरते." सांगली-साताऱ्याकडे कितीतरी घरांत हप्त्याचं गणित ऊसबिलावर चालतं. म्हणूनच इथे हा मेसेज जास्त घातक आहे.

पाच वर्षं हा आकडा खरा आहे, पण तो पॉलिसी चालू राहण्याचा नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करून घेण्यासाठी अर्ज करायची ती मुदत आहे. ग्रेस म्हणजे देय तारखेनंतर हप्ता भरायला मिळणारी सवलतीची मुदत. ती संपल्यापासून पॉलिसी पुन्हा चालू होईपर्यंत पूर्ण विमा नसतो, आणि त्या काळात माणूस गेला तर घरच्यांनी मागाहून हप्ते भरून काहीही उपयोग नाही.

तारखा घालून बघू. समजा पॉलिसी १५ डिसेंबर २०२३ ला सुरू झाली. विमा रक्कम १० लाख, हप्ता सहामाही, २० वर्षं भरायचा, म्हणजे एकूण ४० हप्ते. जून २०२५ पर्यंतचे चार हप्ते भरले आणि १५ डिसेंबर २०२५ चा राहिला. सहामाही हप्त्याला ग्रेस ३० दिवसांची. देय तारीख सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजायचं: १६ ते ३१ डिसेंबर हे १६ दिवस आणि जानेवारीतले १४. ग्रेस १४ जानेवारी २०२६ ला संपली. विमेदार १० जानेवारीला गेला, तर राहिलेला हप्ता वजा करून पूर्ण १० लाख आणि बोनस मिळतो. तोच २० जानेवारीला गेला, तर दोन वर्षांचे हप्ते भरलेले असल्यामुळे पॉलिसी पेड-अप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच, धरली जाते: ४० पैकी ४ हप्ते, म्हणजे १० लाखांचा दहावा भाग, १ लाख, आणि तोवर जमा झालेला बोनस. टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतरच पैसे देणारी पॉलिसी, असेल तर सहसा तेवढंही नाही. बिल जानेवारीअखेर जमा झालं असतं, पण तेव्हा उशीर झालेला असता.

मागाहून भरून चालतं असं सांगणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल वाचावा: एलआयसी विरुद्ध सुनीता. सहामाही हप्ता १४ ऑक्टोबर २०११ ला देय होता, तो भरला नाही. ६ मार्च २०१२ ला विमेदाराचा अपघात झाला, ९ मार्चला थकलेला हप्ता भरला गेला, २१ मार्चला त्याचा मृत्यू झाला. अपघाताच्या दिवशी पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद पडलेली, होती, म्हणून अपघात लाभ नाकारला आणि न्यायालयाने ते योग्य ठरवलं. तीन दिवसांनी पैसे भरूनही तो लाभ मिळाला नाही. मेसेजमधल्या "मधे काही झालं तर भरा" याला एवढं उत्तर पुरे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. काही योजनांत ऑटो कव्हर नावाचं कलम असतं. ठरावीक वर्षांचे हप्ते पूर्ण भरले असतील तर ग्रेसनंतरही काही काळ विमा राहतो. एलआयसीच्या जुन्या पॉलिसींतही तीन वर्षांचे हप्ते झाल्यावर काही महिन्यांची सवलत होती. या अफवेचं मूळ बहुधा तिथेच असावं. पण ते कलम तुमच्या बाँडवर छापलेलं असेल तरच तुमचं. वरच्या उदाहरणात दोनच वर्षं भरली आहेत, तिथे ते असूनही लागू झालं नसतं.

आता मोजण्याची चूक, कारण प्रत्यक्षात माणसं इथेच फसतात. ग्रेस मोजायची ती देय तारखेपासून, पैसे भरल्या तारखेपासून कधीच नाही. वरच्याच पॉलिसीचा जूनचा हप्ता १५ जूनला देय होता, पण भरला १० जुलैला, ग्रेसमध्ये. मेसेजप्रमाणे मोजणारा म्हणतो, पुढचा हप्ता १० जानेवारीला आणि ग्रेस ९ फेब्रुवारीपर्यंत. खरी तारीख १४ जानेवारीच. एकदा उशिरा भरल्याने पुढची देय तारीख सरकत नाही. पावतीवर पुढील देय तारीख छापलेली असते, तीच धरा. "एक महिना" असंही धरू नका. १५ डिसेंबरपासून महिना म्हणजे १५ जानेवारी, आणि तो एक दिवस भारी पडतो. मासिक हप्ता असेल तर ग्रेस १५ दिवसांचीच: ५ फेब्रुवारीचा हप्ता २० फेब्रुवारीपर्यंत. बँकेतून आपोआप जाणारा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला, तरी मोजणी त्याच देय तारखेपासून.

रिव्हायव्हलची, म्हणजे बंद पॉलिसी पुन्हा चालू करून घेण्याची, पाच वर्षंही ग्रेस संपल्यापासून किंवा लॅप्सची चिठ्ठी आल्यापासून नाहीत. ती पहिल्या न भरलेल्या हप्त्याच्या देय तारखेपासून, म्हणजे इथे १५ डिसेंबर २०२५ पासून. त्यानंतर आणखी चार हप्ते थकले तरी तारीख तीच राहते. पैसे शेअर बाजारात गुंतवणाऱ्या युनिट लिंक्ड पॉलिसीला ही मुदत तीनच वर्षं. आधी, २०१३ च्या नियमांत, ती दोन वर्षं होती. २०१९ मध्ये वाढली. म्हणून जुना बाँड असेल तर त्यावरची मुदत वाचून घ्या.

आणि रिव्हायव्हल म्हणजे नुसते पैसे भरणं नव्हे. सगळे थकलेले हप्ते, त्यावर व्याज आणि प्रकृती चांगली असल्याचं घोषणापत्र द्यावं लागतं. उशीर जास्त किंवा रक्कम मोठी असेल तर वैद्यकीय तपासणीही. कंपनीने अर्ज मंजूर करून तसं कळवल्यावरच विमा पुन्हा सुरू होतो, पैसे घेतल्याची पावती पुरेशी नाही. त्या घोषणापत्रात साखर किंवा रक्तदाब लपवू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला आव्हान द्यायची कंपनीची तीन वर्षांची मुदत रिव्हायव्हलच्या तारखेपासून पुन्हा मोजली जाते.

आरोग्य विम्याचं थोडक्यात: वार्षिक हप्ता असेल तर नूतनीकरणाला ३० दिवस मिळतात, जुन्या आजारांची प्रतीक्षा मुदत वाया जात नाही, पण त्या मधल्या दिवसांत दवाखान्यात दाखल झालात तर ते बिल मिळत नाही. हप्त्याहप्त्याने भरत असाल तर ग्रेसमध्येही संरक्षण असतं.

गाडीला ग्रेसच नाही. पॉलिसीवर लिहिलेल्या दिवशी मध्यरात्री विमा संपतो. लोक सांगतात ते ९० दिवस फक्त नो क्लेम बोनस टिकवण्याचे आहेत. त्या काळात अपघात झाला तर समोरच्याची भरपाई मालकाच्याच खिशातून जाते.