रेडिओच्या पाठात थांबायचं किती?

"प्रश्न विचारल्यावर रेडिओवर किती वेळ थांबायचं? मूल खरंच करतंय, हे कळणार कसं?"

स्टुडिओत बसून नाही कळत, मुलाजवळ बसून मोजा. आमच्या यवतमाळकडे तिसरीसाठी भागाकाराचा पाठ केला होता: तुरीचे १२ दाणे ३ वाट्यांत सारखे वाटा. आम्ही ५ सेकंद थांबलो. ओसरीवर जाऊन पाहिलं, तर पोट्टा चौथ्या दाण्यावर होता अन् रेडिओ म्हणाला, "शाबास, चार!" पुढच्या प्रश्नाला त्यानं दाण्यांना हातच लावला नाही, उत्तराची वाट पाहत बसला. थांबा कमी पडल्याची हीच खूण.

मग २५ सेकंद ठेवले, मागे हलकी डफडी. नुसती शांतता ठेवली की आजी सेल संपले समजून रेडिओ ठोकते (खरंच ठोकला!). थांबा संपल्यावर रेडिओनं उत्तर सांगायचंच, कारण तपासायला घरी कोणी नसतं, सगळे वावरात.

पाठाच्या लिखाणातून "इथे बघा", "हे असं" खोडून टाका, ऐकणाऱ्याला काही दिसत नाही. रेडिओच्या खरखरीत 'सात' अन् 'साठ' सारखेच ऐकू येतात, म्हणून सुरुवातीच्या उदाहरणांत ते आकडे घेऊच नका.