आईच्या सोन्याला वारशाच्या दिवशीचा भाव लागत नाही

सोन्याबद्दल एक संदेश फिरतो आहे: «आईवडिलांकडून आलेल्या सोन्यावर कर नसतो. विवाहित बाईला ५०० ग्रॅमपर्यंत विकायला पूर्ण सूट आहे. त्यापुढे कर लागलाच, तर सोनं आपल्या नावावर आलं त्या दिवशीचा भाव खरेदी किंमत धरायची आणि वरच्या फरकावरच कर भरायचा. जुनं देऊन नवं घेतलं तर तेही नाही.»

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीची वाक्यंही खरी वाटतात. आपल्याकडे वारसा कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ सालीच गेली. आईच्या पश्चात बांगड्या लेकीच्या हाती आल्या, एवढ्यावर तिला काहीच भरावं लागत नाही. पण मिळणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकल्यावर जो नफा होतो तो भांडवली नफा, आणि त्यावर कर आहे.

५०० ग्रॅमचा आकडा आला कुठून? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ११ मे १९९४ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना एक सूचना दिली: छाप्याच्या वेळी विवाहित स्त्रीकडचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीकडचे २५० ग्रॅम आणि पुरुषाकडचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. सूचना जप्तीपुरती आहे. विक्रीच्या नफ्याशी तिचा काही संबंध नाही. दहा ग्रॅमची अंगठी विकली तरी तिच्यावर नफा होतो आणि तो विवरणपत्रात दाखवावाच लागतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक तिसऱ्या वाक्यात आहे, म्हणून तिथे थोडं थांबू. वारशाने आलेल्या वस्तूची खरेदी किंमत म्हणजे ती ज्याने मुळात पैसे देऊन घेतली त्याची किंमत. सोनं आजीकडून आईला आणि आईकडून तुम्हाला आलं असेल, तर आजीपर्यंत मागे जायचं. दागिना १ एप्रिल २००१ च्या आधीचा असेल तर मूळ किंमत किंवा त्या दिवशीचं बाजारमूल्य, यातलं तुमच्या सोयीचं घेता येतं. २००१ नंतर घेतलेला असेल तर खरी बिलाची किंमतच. मृत्यूची तारीख, वाटणीची तारीख, मृत्युपत्राची तारीख यांपैकी कुठलीच तारीख किंमत ठरवायला येत नाही.

एक उदाहरण घेऊ. १९७८ साली केलेले दहा तोळ्यांचे दागिने, आई २०१९ मध्ये गेली, मुलीने २०२५ च्या मध्यावर मोडीत घातले. दहा तोळे म्हणजे ११६.६ ग्रॅम. त्यातून लाख, मोती, खडे यांचं वजन ६.६ ग्रॅम निघालं. निव्वळ सोनं ११० ग्रॅम, बावीस कॅरेट. सराफाने ग्रॅमला ९,००० रुपये धरले असं समजू: हातात ९,९०,००० रुपये आले.

आता जुनी बाजू. १ एप्रिल २००१ च्या सुमारास शुद्ध सोनं दहा ग्रॅमला ४,२०० रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे बावीस कॅरेटचं साधारण ३,८५०. नोंदणीकृत मूल्यांककाने याच दराने ११० ग्रॅमचे ४२,३५० रुपये लिहून दिले. नफा ९,४७,६५०. २३ जुलै २०२४ पासून सोन्याच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाई निर्देशांकाचा फायदा गेला आहे. (२० टक्के आणि निर्देशांक हा पर्याय फक्त जुन्या जमीन-घरांसाठी उरला.) कर १,१८,४५६ आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून सुमारे १,२३,१९५ रुपये.

संदेशाप्रमाणे २०१९ चा भाव धरला असता, समजा ग्रॅमला ३,२००, तर खरेदी किंमत ३,५२,००० दिसली असती आणि कर ८२,९४० वर आला असता. हे ४०,२५५ रुपये वाचलेले नाहीत. ते कमी भरलेले आहेत, आणि चौकशी झाली तर व्याज-दंडासकट मागितले जातील.

ताबा मोजतानाही मूळ मालकाचा काळ धरला जातो, आणि हे मात्र वारसाच्या फायद्याचं आहे. सोनं हाती येऊन तीनच महिने झाले असतील तरी आईची वर्षं धरून चोवीस महिने केव्हाच उलटलेले असतात, म्हणून नफा दीर्घकालीनच.

बऱ्याच घरांत जुना मूल्यांकन अहवाल सापडतो, बहुधा संपत्ती करासाठी केलेला. १९८८ चा अहवाल असेल तर त्यातली किंमत खरेदी किंमत म्हणून वापरू नका. तरीही तो कागद जपा. त्यात दागिन्याचं वर्णन, वजन आणि मालकाचं नाव असतं, आणि वस्तू २००१ पूर्वीची होती याचा तो उत्तम पुरावा ठरतो. भाव २००१ चा घ्या, वजन आणि टंच मात्र दोन्ही बाजूंना एकच ठेवा. विकताना निव्वळ वजन आणि बावीस कॅरेट, तर जुनी किंमत काढतानाही तेच. जुन्या बाजूला अख्खं ११६.६ ग्रॅम वजन आणि शुद्ध सोन्याचा भाव लावला तर किंमत ४८,९७२ होते. करात फरक पडतो जेमतेम ८६० रुपयांचा, पण हिशेब खोटा ठरतो. माझ्या मते २००१ च्या भावावर शंभर-दोनशे रुपयांसाठी वाद घालण्यात अर्थ नाही. सराफाने घट किती धरली आणि टंच किती लावला, तिथे डोळ्यांत तेल घालून बघा, खरे पैसे तिथे जातात.

जुनं देऊन नवं घेणं हीसुद्धा कायद्याने हस्तांतरच, कारण त्या व्याख्येत अदलाबदल स्पष्टपणे येते. हातात रोख आली नाही म्हणून नफा नाहीसा होत नाही. नव्या दागिन्याच्या बिलातून जुन्याची जी रक्कम वजा होते, तीच तुमची विक्री किंमत. नव्या दागिन्याची खरेदी किंमत मात्र त्याचं पूर्ण बिल, आणि त्याचा ताबा त्या दिवसापासून नव्याने सुरू होतो.

आणखी एक समज याच संदेशाच्या आडून पसरतो, की बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणजे सोनंही त्यात बसलं. नव्या प्रणालीतली ती सवलत या विशेष दराच्या नफ्याला लागू नाही. मात्र दुसरं उत्पन्न मूळ सूट मर्यादेपेक्षा कमी असेल तर निवासी व्यक्तीला त्या मर्यादेचा उरलेला भाग नफ्यातून वजा करता येतो. २०२५-२६ साठी ती ४ लाख. वरच्या उदाहरणातल्या मुलीचं दुसरं काहीच उत्पन्न नसेल तर ५,४७,६५० रुपयांवर कर, म्हणजे उपकरासह सुमारे ७१,१९५ रुपये. भावंडांत सोनं वाटलेलं असेल तर प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचा नफा आपापल्या विवरणपत्रात दाखवायचा.

दागिने आटणीला जाण्याआधी मूल्यांककाला दाखवा. एकदा वितळले की त्यांचं वय आणि घडण सांगणारं काही उरत नाही. सराफाकडून खरेदीपावती घेताना एकूण वजन, निव्वळ वजन, टंच आणि दर हे चारही लिहून मागा. पैसे खात्यातच घ्या, कारण एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यालाच, म्हणजे तुम्हालाच, होऊ शकतो.