चौकशी अहवाल आणि बडतर्फीचा आदेश यांच्यामधला टप्पा

“चौकशी अधिकाऱ्याने दोषी ठरवले की विषय संपला. कामगाराने चौकशीतच आपले म्हणणे मांडलेले असते, म्हणून त्याला अहवाल देऊन पुन्हा उत्तर मागण्याची गरज नाही. पत्रात ‘गैरवर्तन सिद्ध झाल्याने सेवा समाप्त’ एवढे एक वाक्य पुरे. चौकशी नीट झाली असेल तर कोर्ट शिक्षेला हात लावत नाही.”

गैरवर्तनाच्या चौकशीनंतर कामगाराला बडतर्फ करताना व्यवस्थापनाकडून असे अनेकदा ऐकू येते, पण ते बरोबर नाही. यातला अहवालाचा मुद्दा आधी घेतो, कारण बडतर्फीची बरीच प्रकरणे तिथेच अडतात. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीपूर्वी सरकारी कर्मचाऱ्याला प्रस्तावित शिक्षेवर वेगळे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागत असे आणि त्या दुरुस्तीने ती संधी काढून टाकली. यावरून अहवालानंतर विचारण्यासारखे काही उरलेच नाही, असा समज पसरला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र शिक्षेविरुद्धचे म्हणणे आणि निष्कर्षाविरुद्धचे म्हणणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. 1990 मध्ये मोहम्मद रमझान खान प्रकरणात न्यायालयाने आणि 1993 मध्ये बी. करुणाकर प्रकरणात त्याच्या घटनापीठाने सांगितले, की चौकशी अधिकारी आणि शिक्षा देणारा अधिकारी वेगवेगळे असतील, तर दोषाबाबत मत बनवण्यापूर्वी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. यामागचे कारण सरळ आहे. चौकशीत कामगाराने साक्षीपुराव्याला उत्तर दिलेले असते, पण त्या पुराव्यावरून चौकशी अधिकाऱ्याने काय निष्कर्ष काढला हे त्याला तेव्हा ठाऊक नसते आणि शिक्षा देणाऱ्यासमोर जाणारा सर्वांत वजनदार कागद तोच असतो. हा नियम सरकारी आस्थापनांबरोबर खाजगी आस्थापनांनाही लागू असल्याचे करुणाकर निकालात म्हटले आहे. आस्थापनेच्या नियमांत अहवाल देण्याची तरतूद नाही, ही सबबही तिथे टिकली नाही.

मात्र याच निकालाची दुसरी बाजू कामगार प्रतिनिधी सहसा सांगत नाहीत. प्रत दिली नाही म्हणून बडतर्फी आपोआप रद्द होत नाही. न्यायालय आधी प्रत देववते आणि ती मिळाली नसल्याने बचावाचे नेमके काय नुकसान झाले, हे कामगाराला दाखवायला सांगते. ‘प्रत मिळाली नाही’ एवढ्यावर थांबणारा अर्ज त्यामुळे कमकुवत ठरतो.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. कारखान्यातील एका स्टोअरकीपरवर दोन आरोप आहेत. पहिला, त्याने रात्रपाळीत 12 किलो तांब्याची तार गेटपासशिवाय बाहेर नेण्याचा प्रयत्न केला. दुसरा, ही तूट झाकण्यासाठी त्याने स्टोअर रजिस्टरमध्ये खोटी नोंद केली. चौकशीत गेटवरचा सुरक्षारक्षक साक्ष देतो, त्याची उलटतपासणी होते आणि त्याचे म्हणणे टिकते. रजिस्टर मात्र नुसते दाखल केले जाते. नोंद कोणाच्या हातची आहे हे सांगायला कोणी साक्षीदार आणला जात नाही. चौकशी अधिकारी पहिला आरोप सिद्ध आणि दुसरा असिद्ध ठरवतो. हे योग्यच आहे, कारण कागद दाखल केल्याने त्यातला मजकूर सिद्ध होत नाही, असे 2009 च्या रूपसिंग नेगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. घरगुती, म्हणजे आस्थापनेने स्वतः घेतलेल्या, चौकशीला पुरावा कायदा काटेकोरपणे लागू नसला, तरी काहीतरी पुरावा लागतोच.

आता व्यवस्थापनाला वाटते की दुसरा आरोपही सिद्ध धरावा. तसे मत बनवण्याचा अधिकार त्याला आहे, पण ते एकतर्फी करता येत नाही. कुंजबिहारी मिश्रा प्रकरणात 1998 मध्ये ठरले, की चौकशी अधिकाऱ्याच्या अनुकूल निष्कर्षाशी असहमत व्हायचे असेल, तर असहमतीची तात्पुरती कारणे लिहून ती कर्मचाऱ्याला कळवावीत आणि त्यावर त्याचे म्हणणे ऐकून मगच अंतिम मत नोंदवावे. यातला ‘तात्पुरती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘दुसरा आरोपही सिद्ध झाला आहे, म्हणून आपणास बडतर्फ का करू नये’ अशी नोटीस काढली, की मत आधीच बनले होते हे त्या कागदावरच दिसते. स्टोअरकीपरच्या नोटिशीत अहवाल जोडल्याचा उल्लेख, असहमतीची कारणे आणि उत्तरासाठी वाजवी मुदत हवी. केंद्र सरकारच्या नागरी सेवा नियमांत ही मुदत 15 दिवस आहे. खाजगी कारखान्यात स्थायी आदेशांत, म्हणजे सेवाशर्तींच्या मंजूर नियमांत, काही ठरवले असेल तर ते पाळावे लागते.

आणखी एक गोष्ट याच नोटिशीत यायला हवी आणि ती हमखास राहून जाते. या स्टोअरकीपरला पूर्वी दोन लेखी ताकिदी मिळाल्या असतील आणि त्या धरून बडतर्फी ठरवायची असेल, तर त्यांचा उल्लेख आधी करावा लागतो. आदेशात अचानक ‘आपला पूर्वेतिहास पाहता’ असे आले, तर त्या ताकिदींना उत्तर देण्याची संधी त्याला कधीच मिळालेली नसते.

एका वाक्याच्या पत्राची अडचण यातूनच कळते. आदेशात प्रत्येक आरोपावरचा निष्कर्ष, त्याला आधार असलेली साक्ष आणि कामगाराच्या खुलाशातील मुद्द्यांचे उत्तर दिसावे लागते. उदाहरणार्थ: ‘सुरक्षारक्षकाशी आपले पूर्ववैमनस्य होते, असे आपण खुलाशात म्हटले आहे. हा मुद्दा उलटतपासणीत त्याला विचारलेला नाही आणि त्याला दुजोरा देणारा अन्य पुरावा नाही, म्हणून तो स्वीकारता येत नाही.’ अशी चार-पाच वाक्ये लिहायला फार तर अर्धा तास लागतो, पण ‘आपला खुलासा असमाधानकारक आहे’ या ठरावीक ओळीपेक्षा ती न्यायालयात कितीतरी जास्त उपयोगी पडतात. कामगाराने चौकशीतच दोष स्पष्टपणे कबूल केला असेल, तर मात्र साक्षीपुराव्याची फारशी गरज उरत नाही. फक्त कबुली दबावाखाली किंवा मोघम नसावी.

उरला न्यायालयाचा मुद्दा. चौकशी नीट झाली असेल तर कोर्ट शिक्षेला हात लावत नाही, हा दावा कायद्याच्या व्याख्येतील ‘कामगारा’साठी चुकीचा आहे. औद्योगिक विवाद कायद्यात 1971 मध्ये कलम 11अ घालण्यात आले आणि तशीच तरतूद नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेतलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. या तरतुदीखाली कामगार न्यायालय किंवा औद्योगिक न्यायाधिकरण चौकशी निर्दोष असतानाही पुरावा पुन्हा तपासून बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा देऊ शकते. महाराष्ट्रात 1971 च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतही दोन स्वतंत्र बाबी आहेत. एक, नैसर्गिक न्यायाची पायमल्ली करून किंवा अनाठायी घाईने केलेली बडतर्फी, आणि दुसरी, किरकोळ गैरवर्तनासाठी पूर्वीची सेवा न पाहता दिलेली धक्कादायकपणे असमतोल शिक्षा. म्हणजे चौकशीची पद्धत आणि शिक्षेचे प्रमाण यांची परीक्षा वेगवेगळी होते.

प्रत्यक्षात चोरी आणि अफरातफरीच्या प्रकरणांत न्यायालये रकमेपेक्षा गमावलेल्या विश्वासाकडे पाहतात, म्हणून आपल्या स्टोअरकीपरला शिक्षा कमी होईलच असे सांगता येत नाही. चौकशी सदोष ठरली तरी व्यवस्थापनाने वेळीच तशी मागणी केलेली असेल, तर त्याला न्यायालयासमोर नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. मात्र खाजगी आस्थापनेतील व्यवस्थापक किंवा पर्यवेक्षक पदावरची व्यक्ती ‘कामगार’ या व्याख्येत बसत नसेल, तर तिला या तरतुदीचा आधार मिळत नाही आणि सेवाशर्तींच्या आधारे दिवाणी दावा, तोही बहुधा नुकसानभरपाईपुरता, एवढाच मार्ग तिच्यापुढे राहतो.