साका निघाला तर पैसे परत

मेहुण्याची देवगडला हापूसची बाग. आंबे विकायचे मी, डोंबिवलीत. पहिल्या वर्षी ओळखीच्या साठ जणांना व्हॉट्सॲप केलं : ‘अस्सल देवगड हापूस, १०० टक्के समाधानाची हमी!’ उत्तर एकच आलं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं : ‘समाधान झालं की नाही, हे कोण ठरवणार?’

प्रश्न रास्त होता. हापूस घेणाऱ्याच्या मनात भीती असते ती साक्याची. बाहेरून आंबा केशरी, घमघमणारा. कापला की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. सुरी लावेपर्यंत ना मला कळतं, ना बागवाल्याला. म्हणून मेहुणा फळ झाडावर पुरतं पिकू देत नाही, चौदा आणे तयार झालं की उतरवतो. त्याने साका कमी होतो, पण संपत नाही.

दुसऱ्या वर्षी मजकूर बदलला. ‘दोन डझनांची पेटी १८०० रुपये. साका निघाला तर त्या फळाचे ७५ रुपये त्याच दिवशी यूपीआयने परत. कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, आंबा परत पाठवू नका. मुदत दहा दिवस.’ लोकांचा विश्वास बसला तो ‘हमी’ या शब्दावर नाही, ‘साका’ या शब्दावर. विकणाराच आपल्या मालाचं दुखणं आधी सांगतोय म्हटल्यावर वीस पेट्या गेल्या.

काकांनी मात्र जिन्यातच माझी उलटतपासणी घेतली.

‘परत म्हणजे पुढच्या पेटीतून वजा?’

‘नाही काका, पैसेच.’

‘आणि गोड नसला तर?’

‘ते हमीत नाही.’

‘हं, मग घेतो,’ काका म्हणाले. माझ्या नकारानेच त्यांचा विश्वास बसला असावा.

हिशेब सोपा होता. चारशेऐंशी फळांत एकोणीस साक्याची निघाली, १४२५ रुपये परत गेले. छत्तीस हजारांच्या विक्रीत एवढं सोसवतं. पेटीच्या पेटी परत घेण्याची हमी दिली असती, तर मेहुण्याने मला बागेत पाय ठेवू दिला नसता. काही फोटोंत साल इतकी स्वच्छ चाटलेली होती की साका होता कुठे, हे दुर्बिणीनेही दिसलं नसतं. तरी पैसे दिले. ७५ रुपयांसाठी शेजाऱ्याला खोटं कोण पाडणार?

घोळ घातला तो मुदतीने. वास्तविक दहा दिवसांत आढीतली फळं पुढेमागे पिकतात आणि रोज दोन-तीन खाऊन पेटी संपते. काकांनी मात्र पुरवून पुरवून खायचं ठरवलं होतं. दहाव्या दिवशी रात्री नऊला फोन आला.

‘अहो, सोळा उरले होते, सगळे आत्ताच कापले. दोनांत साका आहे. दीडशे पाठवा.’

‘पाठवतो. पण सगळे कशाला कापलेत?’

‘मुदत बाराला संपते ना!’

मी दीडशे पाठवले. तिसऱ्या दिवशी काकू दारात उभ्या. ‘चौदा आंब्यांचा रस संपवायचा म्हणून हे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तेच जेवलेत. रात्रीपासून पोट बिघडलंय. ते विचारतायत, औषधाचं तुमच्या हमीत बसतं का?’