चोच बघा, मग नाव सांगा

"तारेवर बसलेला निळा पक्षी आहे ना, म्हणजे खंड्याच, डोळे झाकून शेअर करा."

नाही हो, या ओळीसोबत फिरणाऱ्या फोटोतला पक्षी नीलपंख आहे. निळा रंग दोघांत असतो म्हणून रंग जरा बाजूला ठेवा आणि चोच बघा, ती काळपट, जाडसर, कावळ्यासारखी आहे, डोक्याच्या लांबीपेक्षा आखूड आणि टोकाला किंचित वाकलेली. खंड्याची चोच सरळ, लांब आणि खंजिरासारखी असते, पांढऱ्या गळ्याच्या खंड्याची तर ठळक लाल, आणि शरीराच्या मानाने ती एवढी मोठी की पक्षी पुढून जड वाटतो, शेपूट मात्र आखूड.

तारेवरचा तिसरा पक्षी म्हणजे वेडा राघू, तो वेगळाच, सडपातळ, ताठ बसलेला, चोच बारीक आणि खाली वाकलेली. शेपटीतून निघालेल्या दोन लांब पिसांवर मात्र पूर्ण विसंबू नका, पिल्लांना ती नसतात आणि पिसं गळतीच्या काळात मोठ्यांचीही गायब असतात.

खरी फसगत होते ती समोरून काढलेल्या फोटोत, कारण तिथे लांब चोचही आखूड दिसते. अशा वेळी शेपूट आणि बांधा बघा, आणि तेही दिसत नसेल तर बाजूने काढलेला दुसरा फोटो मागा, तोवर नाव लिहू नका प्लीज.